चिंगी, बिस्किटाचं खोकं आणि पाठीमागची भिंत

जानेवारीत एक काकू दवाखान्यात आल्या. हातात भाजीची कापडी पिशवी, पिशवीचं तोंड नाडीनं आवळलेलं आणि आत काहीतरी हालायलेलं. माझा लातूरला जनावरांचा छोटा दवाखाना आहे, म्हशी, शेळ्या, कुत्री सगळंच येतं, आणि मांजर पिशवीत घालून आणणारे लोक तर रोजचेच, त्यामुळं त्यात नवल काही नव्हतं. काकूंनी पिशवी टेबलावर ठेवली, नाडी सोडली, आणि मांजर बाहेर यायचं सोडून उलट आणखी आत सरकलं, पार तळाशी, पाठ पिशवीच्या कोपऱ्याला लावून.

"बघा डॉक्टर, असंच करायली घरी बी," काकू म्हणाल्या, "आठ दिस झालं नव्या फ्लॅटवर येऊन, आख्खा दिवस सोफ्याच्या खाली बसायली. पोरगा वढून बाहेर काढायलाय तर बोचकारायली. खेड्यावर असताना अशी नव्हती हो. कामून असं करायली असंल?"

या मांजरीचं नाव चिंगी, वय तीन वर्षं, तिरंगी, वजन भरलं तीन किलो शंभर ग्रॅम. तिची गोष्ट इथं सांगतोय कारण मांजर खोक्यात का बसतं, कागदी पिशवीत का घुसतं, मिळेल त्या फटीत का शिरतं, हे लोक गंमत म्हणून विचारतात, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघतात आणि सोडून देतात, पण या सवयीत मांजराला सुरक्षित वाटणं म्हणजे काय ते जवळजवळ सगळं दिसतं, आणि ते कळलं नाही की आपण नेमकं उलटं करून बसतो, जसं त्या घरात झालं होतं.

आधी मांजर म्हणजे कोण ते बघू. आपल्या घरातलं मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलंय, आणि ते रानमांजर एकटं राहणारं जनावर. कळप नाही, टोळी नाही, लांडगा आला तर ओरडून सांगणारं कुणी नाही. वजन तीन ते पाच किलो. उंदीर, सरडा, चिमणी यांच्यासाठी ते वाघ, पण कुत्रा आणि कोल्हा यांच्यासाठी ते स्वतःच शिकार. म्हणजे एकाच अंगात शिकारी पण आहे आणि शिकार पण आहे, आणि रात्रंदिवस दोन्हीची तयारी ठेवायची, ती पण एकट्यानं. आपल्याकडं म्हणतात ना, कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, ते अगदी बरोबर आहे. कुत्रा घाबरला की मालकाच्या पायात येतो, कारण त्याची सुरक्षितता टोळीत आहे. मांजर घाबरलं की जागेकडं पळतं.

आता ती जागा कशी पाहिजे? मोकळ्या हॉलच्या मधोमध मांजर बसलंय असं डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावर कुठूनही येता येतं, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. म्हणजे पाच दिशांवर लक्ष. कान सारखे फिरणार, मागं काही पडलं की मान वळणार, झोप लागली तरी वरवरची. आता तेच मांजर खोक्यात घाला, सॉरी, घालू नका, त्याला स्वतःहून जाऊ द्या. पाठीमागं पुठ्ठा, दोन्ही अंगाला पुठ्ठा, वर पुठ्ठा. उरली एकच दिशा, समोरची, आणि ती त्याच्या डोळ्यांपुढंच आहे. पाच कामांचं एक काम झालं. मांजर दिवसाला बारा ते सोळा तास झोपतं, आणि खरी गाढ झोप यायची तर पाठीमागची काळजी कुणीतरी घ्यायला पाहिजे, कुत्र्यासाठी ते काम टोळी करते, मांजरासाठी खोक्याची मागची भिंत करते.

म्हणून खोकं मजबूत असायची गरजच नसते. लोक म्हणतात पुठ्ठा तो काय, कुत्र्यानं एक पंजा मारला तर फाटेल. खरंय. पण मांजराचा हिशोब भिंत किती जाड आहे याचा नसतोच, आपण कुणाला दिसतोय का आणि कुणी मागून येऊ शकतं का, एवढाच असतो. कागदी पिशवीचं पण तेच, वर तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, कागद चुरचुरतो. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकूच येत नाही, मांजराला ६० च्याही वरचा येतो, आणि वाळल्या पाचोळ्यात उंदीर फिरला की जी बारीक सळसळ होते ती त्याच्यासाठी जेवणाचीच हाक. तर पिशवी म्हणजे लपायला जागा, वर पायाखाली उंदराचा आवाज, मग मांजर सोडतंय होय ती पिशवी. फक्त एक करा, पिशवीचे बंद कापून टाका. बंद गळ्यात अडकला की मांजर पिशवीसकट घरभर पळतं, पिशवी मागून आवाज करत येते, म्हणून ते आणखी पळतं, आणि असलं घाबरून फास बसलेलं मांजर मी पाहिलंय. प्लास्टिकची पिशवी तर द्यायचीच नाही.

हे सगळं नुसतं आपलं अंदाजपंचे नाही, यावर लोकांनी नीट मोजमाप केलंय. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास छापला. बेवारस मांजरांच्या आश्रयगृहात नवीन आलेली १९ मांजरं घेतली. १० जणांच्या पिंजऱ्यात लपायला एक खोकं ठेवलं, ९ जणांना दिलं नाही, बाकी सगळं सारखं. मग १४ दिवस त्यांचा ताण मोजत राहिले.

ताण मोजला कसा, हा प्रश्न पडला पाहिजे, कारण मांजर काही सांगत नाही. त्यासाठी केसलर आणि टर्नर या दोघांनी १९९७ मध्ये छापलेली एक मोजपट्टी वापरतात, एक ते सात. एक म्हणजे पूर्ण निवांत, कुशीवर किंवा पाठीवर पसरलेलं, पोट उघडं. सात म्हणजे भीतीनं गोठलेलं, चारी पायांवर दबलेलं, अंग थरथरतंय, कान मागं चपटे, डोळ्याची बाहुली पूर्ण फाकलेली. मधल्या पायऱ्या पोट, पाय, शेपटी, डोकं, डोळे, कान, मिशा, आवाज यावरून ठरतात. लांबून नुसतं बघायचं आणि आकडा लिहायचा, हात लावायचा नाही. हे मी पण करतो आणि तुम्हाला घरी पण जमतं, दोन दिवस लक्ष देऊन बघितलं की डोळा बसतो.

तर निघालं असं की तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दोन गटांत चांगलाच फरक होता, खोकंवाली मांजरं बरीच शांत झाली होती, बिनखोक्याची अजून ताणातच होती. चौदाव्या दिवसापर्यंत मात्र बिनखोक्याची पण त्यांच्या बरोबरीला आली. हे नीट समजून घ्या, कारण इथंच लोक घोळ करतात. खोक्यानं मांजराला जादूनं जास्त शांत केलं नाही. शेवटी दोन्ही तिथंच पोचली, खोकंवाली लवकर पोचली. म्हणजे खोकं काय देतं, तर अनोळखी जागेतले पहिले वाईट दिवस कमी करून देतं. आणि नवीन घरात, दवाखान्यात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मांजराचे बरेचसे बिघाड याच दिवसांत होतात.

त्याच लोकांनी २०१९ मध्ये २३ मांजरांवर परत असाच प्रयोग केला आणि या वेळी वजन पण मोजलं. ताण खोक्यानं परत लवकर उतरला, पण वजनात मात्र खोक्याचा उपयोग दिसला नाही, खोकं असो नसो पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्याच मांजरांचं वजन घटलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण खोकं दिलं म्हणजे काम झालं असं समजून जेवणाकडं दुर्लक्ष करायला नको.

आणखी एक जुना अभ्यास आहे, १९९३ चा, अमेरिकेतला, आणि खरं सांगायचं तर माझे डोळे त्यानंच उघडले. त्यात मांजरांचं रोजचं वेळापत्रक मुद्दाम विस्कटलं, खायला कधी आत्ता कधी नंतर, सफाई कधीही, लाड नाहीत, बोलणं नाही, मधेच कधीही उचलून हाताळायचं. मग त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल मोजलं, ते ताणाचं हार्मोन, ताण वाढला की वाढतं. या मांजरांचं कॉर्टिसॉल वाढलं, खेळणं कमी झालं, जागत बसणं वाढलं आणि लपायची धडपड वाढली. इथपर्यंत कुणीही सांगेल. पण पुढचं असं की ज्या मांजरांनी जास्त लपायचा प्रयत्न केला त्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं. लपणं हा आजार नव्हता, ते त्यांनी स्वतःच शोधलेलं औषध होतं. आपण काय करतो? लपलेलं मांजर दिसलं की "बिचारं घाबरलंय, बाहेर काढा, मांडीवर घ्या" म्हणत त्याच्या हातातलं औषध काढून घेतो.

आता परत चिंगीकडं येतो. तिला मी पिशवीतून काढलंच नाही. पिशवी बाजूनं खाली दुमडली, डोकं झाकलेलंच ठेवलं आणि तसंच तपासलं. ताप नव्हता, पोट मऊ, मूत्राशय दुखत नव्हतं, हिरड्या गुलाबी. मग काकूंना विचारलं, खाती का? "काहीच खाईना हो." बरं, रात्री वाटीत ठेवलेलं सकाळी तेवढंच असतं का? काकू थांबल्या, म्हणाल्या, "न्हाई, ते कमी व्हतंय थोडं." आणि शी-शू? "ते बी रातचंच करती, मातीच्या टोपल्यात." इथंच माझा जीव भांड्यात पडला. दिवसा लपून बसायचं आणि रात्री घर निजलं की उठून खायचं, टोपल्यात जाऊन यायचं, हे घाबरलेल्या मांजराचं लक्षण. आजारी मांजर पण लपतं, पण ते बहुतेक वेळा रात्री पण खायला उठत नाही.

हा फरक जपून ठेवा कारण जीव यावर अवलंबून असतो. मांजर लपलंय आणि वाटी सलग दोन दिवस जशीच्या तशी, तर थांबू नका, मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठायला लागते आणि यकृत बसतं, जाड मांजरात तर फारच लवकर. बोका असेल आणि सारखा टोपल्यात जाऊन बसतोय, जोर करतोय, थेंब पण येत नाही, मग येऊन परत कोपऱ्यात दडतोय, तर त्याची लघवी तुंबलीय, तिथं दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, तरी तेच.

चिंगीला यातलं काही नव्हतं. मग मी खेड्यावरच्या घराचं विचारलं. औशाच्या बाजूला जुना वाडा, माळवदाचा. काकू सांगायला लागल्या आणि मला सगळं चित्र दिसायला लागलं, कारण माझं आजोळ पण तसंच. ढाळजेत एका अंगाला पोत्यांची थप्पी, भिंतीत देवळ्या, सैपाकघरात उतरंड, तिच्यामागं हातभर बोळ, मधल्या खोलीत कणग्या, माळवदावर जायला अरुंद जिना, परसात कडब्याची गंज. मांजरासाठी असं घर म्हणजे पन्नास खोकी आहेत, कुणी न ठेवता. चिंगी त्यातच जन्मली, तिच्या आईनं तिला सात घरं फिरवलं असेल ते पण असल्याच जागांतून, डोळे उघडायच्या आधीपासून तिला माहिती की अंधारी, अरुंद, भिंतीला लागलेली जागा म्हणजे ऊब, दूध आणि आई.

आणि तिथून ती आली कुठं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. गुळगुळीत फरशी, भिंतीला चिकटलेली कपाटं, बंद किचन ट्रॉल्या, पलंग पण खालून पॅक. एका नजरेत सगळं दिसतं, लपायला कोपरा नाही. उरला सोफा.

मग तरी सोफ्याखाली ती शांत का नव्हती, लपायला तर मिळालं होतं? हा प्रश्न काकूंच्या मुलानंच फोनवर विचारला, आणि चांगला विचारला. सोफ्याखाली जाऊन बघा, म्हणजे खरंच जमिनीवर आडवं होऊन बघा. मागं भिंत आहे, पण समोरून आणि दोन्ही बाजूंनी उघडं. सकाळी झाडू येतो, मग फरशी पुसायचा मॉप येतो, संध्याकाळी पोराचा चेंडू येतो, आणि चेंडूमागं हात येतो. वर माणसं धपकन बसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथून तिला ओढून काढतात. एकदा ओढलं की मांजर एक शिकतं, ही जागा टिकत नाही. ते बाहेर येऊन माणसाळत नाही, पुढच्या वेळी आणखी मागं, आणखी अवघड जागी जातं, आणि नखं आधीच बाहेर काढून बसतं. चिंगी बोचकारत होती ती रागानं नाही, तिच्याकडं आता मागं सरकायला जागाच उरली नव्हती.

म्हणून खोक्याचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते भिंती देणं हे नाहीच. आत कधी जायचं ते मी ठरवणार, बाहेर कधी यायचं ते मी ठरवणार, आणि मी आत असताना कुणी हात घालणार नाही, हे तीन मिळून खोकं होतं. पुरावा हवा असेल तर प्रवासाची जाळीच्या दाराची बास्केट बघा. ती पण चारी बाजूंनी बंद, खोक्याइतकीच अरुंद, पण त्यात कोंबून दार लावलं की तेच मांजर ओरडतं, लाळ गाळतं. भिंती त्याच, दाराची कडी कुणाच्या हातात आहे एवढाच फरक. तीच बास्केट वर्षभर दार उघडं ठेवून कोपऱ्यात राहू द्या, आत जुना कपडा टाका, महिन्याभरात मांजर तिच्यात झोपायला लागतं आणि मग डॉक्टरकडं नेताना लढाई करावी लागत नाही.

काकूंना मी काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो. किराणा दुकानातून बिस्किटाच्या पुड्यांचं रिकामं खोकं आणा, साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मांजराला आत बसून वळता आलं पाहिजे पण अंग दोन भिंतींना लागलं पाहिजे, फार मोठं खोकं म्हणजे परत खोलीच झाली. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका. एका आखूड बाजूला वीतभर रुंद दार कापा, सगळी बाजू उघडी करू नका. लांब बाजूला मागच्या अंगाला दुसरं तेवढंच दार कापा. दुसरं दार कशाला, तर एकच दार असलं आणि त्या दारात कुणी येऊन बसलं, पोर असो की दुसरं मांजर, तर आसरा होता तो सापळा झाला. घरात दोन मांजरं असतील तर प्रत्येकाला वेगळं खोकं आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं, हे पक्कं.

आत नवीन गादी नाही, वाड्यातून आणलेल्या वाकळेचा तुकडा घाला, आणि धुवू नका. तिच्या अंगाचा, जुन्या घराचा वास त्यात आहे, मांजर ओळखीची जागा डोळ्यांच्या आधी नाकानं ओळखतं. खोकं आतल्या खोलीत, वॉशिंग मशीनपासून लांब, पाठ भिंतीला, आणि तोंड असं की आतून खोलीचं दार तिरकं दिसेल. समोरासमोर नको, पण दिसलं पाहिजे, कोण आलं ते कळायला पाहिजे. वाटी खोक्यापासून तीनेक फुटावर, मातीचं टोपलं दुसऱ्या कोपऱ्यात. सोफ्याखालची जागा लगेच बंद करायची नाही, खोक्यात ती बसायला लागेपर्यंत तिच्याकडं तेवढंच आहे. आणि पोराला एकच नियम, चिंगी खोक्यात असली की ती घरात नाही असं समजायचं. हात नाही, हाक नाही, टॉर्च मारून बघणं नाही.

पहिल्या दिवशी ती खोक्याकडं फिरकली पण नाही आणि काकूंचा फोन, "उगं आणलं का हो खोकं?" दुसऱ्या रात्री आतून वाकळ चुरगळलेली दिसली आणि तिच्यावर केस. तिसऱ्या दिवसापासून दिवसा पण आतच. मी फोटो मागवला, लांबून झूम करून काढलेला, तर पंजे छातीखाली दुमडलेले पण मान अजून आखडलेली, कान बाजूला, मोजपट्टीवर मी चार लिहिलं असतं. चौथ्या दिवशी दारातून तोंड बाहेर. सहाव्या दिवशी भाकरी थापायचा आवाज आल्यावर ओट्याजवळ आली, शिट्टी वाजली कुकरची तशी पळत खोक्यात, आणि पाच मिनिटांनी परत आली. हे परत येणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. खोकं नसतं तर ती शिट्टी तिचा पूर्ण दिवस घेऊन गेली असती. नवव्या दिवशी ती खोक्यात नव्हती, खोक्याच्या वर बसली होती. पंधरवड्यात खिडकीत ऊन खात बसली.

मांजराला बाहेर फिरायचं धाडस कुठून येतं तर पळून जायला एक पक्की जागा आहे यातून येतं. लोकांना वाटतं लपायला जागा दिली तर ते कायमचं लपूनच बसेल. मी तर इतक्या वर्षांत उलटंच बघत आलोय.

सगळीच मांजरं भीतीनंच खोक्यात जातात असं मात्र म्हणता येणार नाही. थंडीचा पण भाग आहे. मांजराच्या शरीराला जास्तीचं काम न करता आरामात राहता येईल असं तापमान ३० ते ३८ अंश, म्हणजे आपल्याला घाम फुटतो तिथं त्याचा आराम सुरू होतो. परभणीला डिसेंबरात पारा एक अंकी होतो तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात मुटकुळं करून पडलेलं मांजर ऊब धरायलंय, त्यात काळजीचं काही नाही, पुठ्ठा ऊब चांगली धरतो. म्हणून मी लोकांना उन्हाळ्यातली एक खूण सांगतो. मे महिन्यात, बाहेर ४२ अंश, निवांत मांजर मोरीच्या ओल्या फरशीवर नाहीतर माठाच्या तिवईखाली पसरलेलं दिसणार. अशा उकाड्यात पण एखादं मांजर बंद खोक्यात अंग चोरून बसलंय तर ते उबेसाठी बसलेलं नाही, त्या घरात त्याला कशाची तरी भीती वाटतीय. काय बदललं ते शोधा, नवीन कुत्रं, पाहुणे, शेजारचं बांधकाम, खिडकीत येणारा दुसरा बोका.

आणि नुसती सवय, कुतूहल पण असतं. २०२१ मध्ये एका अभ्यासात लोकांनी आपापल्या घरी फरशीवर कागदाचे आकार चिकटवले, एक साधा चौकोन, आणि एक फसवा, ज्यात फक्त चार कोपऱ्यांना तुकडे तोडलेली वर्तुळं आहेत आणि मधला चौकोन आपल्याला भास म्हणून दिसतो. ३० मांजरांनी सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या, त्यातली ९ कुठल्या ना कुठल्या आकारात जाऊन बसली, आणि त्यात भासाचा चौकोन पण खऱ्याइतकाच चालला. तिथं ना भिंत, ना ऊब, ना आडोसा. मांजरं थोडी होती त्यामुळं यावरून फार मोठं काही सांगू नये, पण कडा दिसली की आत जावं ही ओढ बरीच खोलवरची असावी असं मला वाटतं.

चिंगीच्या घरी पाडव्याच्या आधी साफसफाई निघाली. खोकं तोवर कडांनी कुरतडलेलं, एक कोपरा बसलेला, तर काकूंनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं, मांजर तर आता घरभर फिरतंय म्हणून. त्याच संध्याकाळी चिंगी सोफ्याखाली. फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, वाकळ कुठंय? वाकळ गॅलरीत वाळत घातली होती का म्हणून मला धाकधूक, पण ती धुवायच्या बादलीत पडली होती, पाणी ओतायचं राहिलं होतं. पोरगा पळत जाऊन नवीन खोकं घेऊन आला, दोन दारं त्यानंच कापली, वाकळ आत टाकली, त्याच कोपऱ्यात ठेवलं आणि कुणी तिकडं बघायचं नाही असं घरच्यांना बजावलं. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला, "गेली आत."